सातबाऱ्यावर नाव चढतं कसं? पानभर नियम एका चित्रात बसवताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं

आधी हा परिच्छेद वाचा. सरकारी कार्यालयांत अशा भाषेतली माहिती आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेली असते.

"नोंदणीकृत दस्ताची माहिती प्राप्त झाल्यानंतर तलाठी यांनी फेरफार नोंदवहीत नोंद घेऊन सदर नोंदीची प्रत चावडीत ठळक ठिकाणी प्रसिद्ध करावी व हितसंबंधित व्यक्तींना लेखी नोटीस बजावावी आणि विहित मुदतीत हरकत प्राप्त झाल्यास त्याची नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन सक्षम अधिकाऱ्याकडे निर्णयार्थ सादर करावी, अन्यथा मंडळ अधिकारी यांनी नोंदीची पडताळणी करून ती प्रमाणित करावी."

आता वर न बघता तीन प्रश्नांची उत्तरं द्या. तुमचा कागद आत्ता कोणाच्या टेबलावर आहे? हरकत घ्यायची असेल तर किती दिवस आहेत? आणि ती घेतली, तर पुढे काय होतं?

जमलं नाही ना? परिच्छेदात चूक एकही नाही, सगळं नियमाला धरून आहे. फक्त तो लिहिलाय कार्यालयाच्या बाजूने. "तलाठी यांनी असं करावं, मंडळ अधिकारी यांनी तसं करावं." वाचणाऱ्याचा प्रश्न मात्र असतो, "मी काय करू आणि कधीपर्यंत?"

हाच परिच्छेद आज आपण चिन्हं वापरून एका साध्या फ्लोचार्टमध्ये बसवणार आहोत. उदाहरण मुद्दाम फेरफाराचं घेतलंय. ही मंजुरीची प्रक्रिया महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक जमीनवाल्या कुटुंबाच्या वाट्याला येते आणि तिच्यातले पंधरा दिवस हुकले तर पुढे बराच त्रास होतो.

फेरफार म्हणजे नेमकं काय?

जमीन विकली, वारसाने आली किंवा बक्षीस मिळाली की सातबाऱ्यावरची नावं बदलावी लागतात. हा बदल थेट सातबाऱ्यावर होत नाही. आधी तो फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये येतो. तिथे तो तपासला जातो, प्रमाणित होतो आणि मगच सातबारा बदलतो. याचे नियम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ आणि १५० मध्ये आहेत.

या साखळीत मुख्य माणसं दोन. एक तलाठी, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. दुसरे मंडळ अधिकारी. तलाठी नोंद करतात, मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा असणं ही या प्रक्रियेची पहिली खबरदारी आहे. दुसरी खबरदारी म्हणजे या दोघांच्या मध्ये ठेवलेली हरकतीची मुदत.

लांब वाक्यात नेमकं काय हरवतं?

या विषयावर १९७३ साली पॅट्रिशिया राइट आणि फ्रेझर रीड या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. "अमुक असेल तर तमुक करा" अशा स्वरूपाची एकच माहिती त्यांनी चार प्रकारे मांडली : सरकारी वळणाचा परिच्छेद, छोट्या वाक्यांची यादी, तक्ता आणि फ्लोचार्ट. मग लोकांना त्यावरून प्रश्न सोडवायला दिले. परिच्छेद वाचून उत्तर शोधणारे जास्त वेळ घेत होते आणि जास्त चुकतही होते. प्रश्न सोपा असेल तर तक्ता उपयोगी पडत होता. प्रश्न अवघड असेल तर फ्लोचार्ट.

कारण समजायला सोपं आहे. वरच्या परिच्छेदातला "अन्यथा" हा शब्द पुन्हा बघा. तो शेवटच्या ओळीत येतो, पण बोलतो मधल्या अटीबद्दल. म्हणजे "हरकत आल्यास" हे शब्द डोक्यात धरून ठेवायचे, पुढचं सगळं वाचायचं आणि "अन्यथा" आला की परत मागे जायचं. इथे अट एकच आहे म्हणून निभावतं. अटी दोन-तीन झाल्या की माणूस मध्येच सोडून देतो आणि एजंट गाठतो.

फ्लोचार्टमध्ये डोक्यात काही धरून ठेवावं लागत नाही. जिथे रस्ता फुटतो तिथे तो कागदावरही फुटलेला दिसतो. आपल्याला लागू नसलेली वाट वाचायचीही गरज नाही.

पहिली पायरी : चित्र काढू नका, वाक्य मोडा

लोक थेट चिन्हं शोधायला लागतात आणि तिथेच गडबड होते. आधी परिच्छेदातली प्रत्येक कृती सुटी करा आणि तिच्यासमोर तीन गोष्टी लिहा : कोण करतं, काय करतं, किती वेळात. आपल्या उदाहरणात हे असं निघतं.

खरेदीखताची नोंदणी होते, दुय्यम निबंधक कार्यालयात. तलाठी फेरफाराची नोंद करतात. तलाठीच ती चावडीवर लावतात आणि संबंधितांना नोटीस देतात. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात. हरकत आली तर तलाठी ती वादाच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये लिहितात आणि सुनावणी होते.

आता या यादीत रिकामी जागा कुठे राहते ते बघा. मूळ परिच्छेदात "विहित मुदतीत" असं होतं. विहित म्हणजे किती? आकडा नव्हता. "सक्षम अधिकारी" म्हणजे कोण? ते पद नव्हतं. गद्यात अशा जागा सहज लपतात, चौकोन भरायला बसलं की उघड्या पडतात. म्हणून फ्लोचार्ट वाचकाच्या आधी लिहिणाऱ्यालाच प्रश्न विचारतो.

दुसरी पायरी : तीन आकार पुरतात

फ्लोचार्टच्या आकारांची एक आंतरराष्ट्रीय प्रमाणित यादी आहे आणि तिच्यात बरेच आकार आहेत. सामान्य वाचकासाठी तीनच ठेवा. लांबट गोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट. चौकोन म्हणजे कोणीतरी काहीतरी करतंय. आणि शंकरपाळ्याचा आकार म्हणजे प्रश्न, ज्याचं उत्तर होय किंवा नाही असंच येतं.

आपला फ्लोचार्ट अक्षरांत मांडला तर असा दिसतो. गोल कंस म्हणजे सुरुवात-शेवट, चौकटी कंस म्हणजे कृती आणि टोकदार कंस म्हणजे प्रश्न.

```
(सुरुवात) खरेदीखताची नोंदणी झाली
   ↓
[तलाठी] फेरफार नोंदवहीत नोंद
   ↓
[तलाठी] चावडीवर प्रसिद्धी + संबंधितांना नोटीस
   ↓
<१५ दिवसांत हरकत आली का?>
   │
   ├─ नाही → [मंडळ अधिकारी] नोंद तपासणी
   │            ↓
   │         <नोंद बरोबर आहे का?>
   │            ├─ होय  → (शेवट) प्रमाणित, सातबारा बदलतो
   │            └─ नाही → (शेवट) नोंद रद्द
   │
   └─ होय  → [तलाठी] हरकतीची पोच देतो, ६-अ मध्ये नोंद
                ↓
             [महसूल अधिकारी] सुनावणी
                ↓
             <हरकत मान्य झाली का?>
                ├─ होय  → (शेवट) नोंद रद्द
                └─ नाही → (शेवट) प्रमाणित, सातबारा बदलतो

कोणताही शेवट पटला नाही → ६० दिवसांत प्रांताकडे अपील
```

यात प्रत्येक चौकोन पदाच्या नावाने सुरू होतो. हे मुद्दाम केलंय. "नोंद घेतली जाते" असं लिहिलं की कोणाकडे जाऊन विचारायचं ते कळत नाही. "तलाठी" लिहिलं की कळतं.

"होय" आणि "नाही", दोन्ही वाटा काढल्यात का?

कार्यालयाच्या भिंतीवरचे आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे असे फ्लोचार्ट बघितलेत तर बहुतेकांत एकच सरळ रेघ सापडेल : अर्ज, तपासणी, मंजुरी, प्रमाणपत्र. प्रश्नाचा आकार एकही नाही. किंवा आहे, पण त्यातून बाहेर पडणारा बाण एकच. त्यात फक्त सगळं सुरळीत झाल्यावर काय होतं ते दिसतं. नागरिकाला चित्राची खरी गरज असते ती गाडी अडते तेव्हा.

फेरफाराच्या बाबतीत "हरकत आली" ही वाट गाळली तर काय होतं, ते एका कल्पित कुटुंबावरून बघू. दोन भाऊ आणि एक बहीण. वडिलांच्या माघारी तिघांची नावं सातबाऱ्यावर एकत्र लागलेली आहेत, वाटणी झालेली नाही. ताई लग्नानंतर पुण्यात राहतात. मोठ्या भावाने विहिरीकडचा तुकडा एकट्याने विकला, खरेदीखताची नोंदणी झाली, तलाठ्यांनी फेरफाराची नोंद केली. नोटिशीवर हरकतीची शेवटची तारीख आहे १७ जून. धाकट्या भावाने ९ तारखेला नोटिशीचा फोटो ताईंना पाठवला.

ताईंच्या हातात सरळ रेघेचं चित्र असेल तर त्यांना वाटणार, खरेदीखत झालं म्हणजे आता सगळं आपोआप होणार. पूर्ण चित्र असेल तर त्या थेट प्रश्नाच्या आकारावर बोट ठेवतील : आज ९ तारीख, मुदत १७ पर्यंत, म्हणजे मी अजून "होय"च्या वाटेवर जाऊ शकते.

त्या वाटेवर गेल्यावर कायदा त्यांना दोन गोष्टी देतो, ज्या अनेकांना माहीत नसतात. कलम १५० प्रमाणे हरकत लेखी घेता येते, तशीच तोंडीही घेता येते. आणि हरकत घेतल्यावर तलाठ्यांनी तिची लेखी पोच लगेच द्यायची असते. त्यानंतर निर्णय अव्वल कारकून किंवा त्याहून वरच्या दर्जाचा महसूल अधिकारी देतो. व्यवहारात हे काम मंडळ अधिकारी किंवा तहसीलदारांकडे असतं. वादाचा निकाल शक्यतो एका वर्षाच्या आत लागावा, असं कायदा सांगतो.

१७ तारीख उलटून नोंद प्रमाणित झाली तर? रस्ता संपत नाही, लांब होतो. मग उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या बोलीत प्रांताकडे, अपील करावं लागतं आणि त्याची मुदत ६० दिवस. आधी जे काम गावातल्या तलाठी कार्यालयात एका अर्जाने सुरू झालं असतं, त्यासाठी आता अपिलाचे कागद आणि बहुधा वकील लागतो. म्हणून शेवटची ती अपिलाची ओळ चित्रात हवीच.

चिन्हं कुठे कामाची आणि कुठे धोक्याची?

फ्लोचार्टचा सांगाडा तयार झाला की चिन्हं. चिन्हाचं काम शब्द काढून टाकणं नाही. नजर पटकन योग्य जागी नेणं, एवढंच त्याचं काम. म्हणून प्रत्येक चिन्हाखाली दोन-तीन शब्द ठेवायचेच.

ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतात त्यांची चिन्हं चांगली चालतात. नोटिशीसाठी पाकीट. मुदतीसाठी कॅलेंडरचं पान आणि त्यावर ठळक १५. पोच घेण्याच्या जागी शिक्का मारलेला छोटा कागद. चावडीसाठी नोटीस लावलेला फलक. "प्रमाणित करणे" किंवा "हितसंबंध" यांना मात्र आकार नाही. तिथे ओढूनताणून चिन्ह लावू नका, शब्दच लिहा.

सगळ्यात धोक्याची जागा शेवटचा गोल. "सातबारा बदलतो" याच्याशेजारी किल्ली किंवा घराचं चिन्ह टाकायचा मोह होतो. दिसायला छान, पण ते चूक सांगतं. किल्ली बघून माणूस समजतो, मालकी मिळाली. फेरफाराची नोंद मालकी ठरवत नाही. ती महसुलाच्या कामासाठीची नोंद आहे, तिने मालकी हक्क तयारही होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलंय. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. त्यामुळे शेवटी चिन्ह टाकायचं तर सातबाऱ्याच्या कागदाचं टाका.

दुसरा मोह रंगांचा. "होय" हिरवं, "नाही" लाल. पण हिरवा आणि लाल यांतला फरक ज्यांना नीट दिसत नाही असे लोक बरेच असतात आणि झेरॉक्समध्ये तर दोन्ही करडेच येतात. खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर हाच प्रश्न आला होता. शाकाहारी आणि मांसाहारी, दोन्ही खुणांत गोलच होता, एकात हिरवा आणि दुसऱ्यात तपकिरी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत मांसाहारी खुणेतला गोल बदलून त्रिकोण केला. आता रंग दिसला नाही तरी आकारावरून कळतं. आपल्या बाणांवरही "होय" आणि "नाही" हे शब्द लिहिलेलेच हवेत. शिवाय इथे हिरवं-लाल वापरलं तर आणखी एक घोटाळा आहे. "हरकत आली का?" याचं "होय" घेणाऱ्यासाठी वाईट बातमी आहे आणि ताईंसाठी चांगली. मग हिरवं कोणाचं?

चिन्ह कळतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

ऑफिसातल्या सहकाऱ्याला दाखवून काही उपयोग नाही, त्याला प्रक्रिया आधीच माहीत असते. ज्याने कधी फेरफार केला नाही अशा माणसाला चित्र द्या. "आवडलं का?" असं विचारू नका. काम द्या : "तुम्हाला ही विक्री मान्य नाही. आज नोटीस मिळून दहा दिवस झालेत. तुम्ही कोणाकडे जाल आणि तिथून काय घेऊन याल?" तो म्हणाला, तलाठ्याकडे जाऊन हरकत देईन आणि पोच घेईन, तर चित्र पास. तो म्हणाला, प्रांताकडे, तर बाण कुठेतरी चुकलाय.

अमेरिकेत धोक्याच्या चिन्हांसाठीचं एक मानक आहे. चाचणीत निदान ८५ टक्के लोकांनी अर्थ बरोबर सांगायला हवा आणि अगदी उलटा, घातक अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून जास्त नकोत. आपलं चित्र काही विजेच्या खांबावर लागणार नाही, पण यातली दुसरी अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अर्थ न कळणं एक वेळ चालेल, माणूस विचारेल तरी. उलटा अर्थ लागला तर तो विचारतही नाही. किल्लीचं चिन्ह नेमकं याच कारणासाठी बाद.

चित्र कुठे अपुरं पडतं?

प्रत्येक अपवाद चित्रात कोंबला की त्याचं जाळं होतं. वारस नोंदीत वारसांची चौकशी आणि वारसांची वेगळी नोंदवही येते. तो रस्ताच निराळा आहे, त्यासाठी दुसरा फ्लोचार्ट काढा. कुठल्या व्यवहाराला कोणते कागद लागतात, हे फ्लोचार्टमध्ये कधीच नीट मांडता येत नाही, तिथे साधा तक्ता बरा. सोप्या प्रश्नांसाठी तक्ता, हे त्या १९७३ च्या अभ्यासातही दिसलं होतंच.

आणि चित्र फॉरवर्ड होतं तेव्हा त्याच्याभोवतीचा मजकूर गळून पडतो. म्हणून चित्राच्या आतच, तळाशी, तीन गोष्टी छापा : हे कोणत्या कलमावर आधारलंय, कोणत्या महिन्यात तयार केलं आणि "हरकतीची शेवटची तारीख तुमच्या नोटिशीवर बघा" ही ओळ. चित्रातला १५ हा आकडा सगळ्यांसाठी आहे. तुमची तारीख फक्त तुमच्या नोटिशीवर असते.

ती नोटीस हातात पडली नसेल, तरी बघायला जागा आहे. भूमी अभिलेख विभागाच्या "आपली चावडी" या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की त्या गावात चालू असलेल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात आणि प्रत्येकीसमोर हरकतीची शेवटची तारीखही असते. गावापासून लांब राहणाऱ्यांसाठी फ्लोचार्टमधल्या नोटिशीच्या चौकोनाखाली ही एक ओळ जोडली, तर पाकीट जुन्या पत्त्यावर गेलं तरी पंधरा दिवस हातचे जाणार नाहीत.